नवं देवीगीत जाहीर करायचं आहे? मग हे वाचाच

नवरात्र तोंडावर आलं आहे. कोराडीच्या जगदंबेवरचं तुमचं गाणं तयार आहे, आणि आता ते नागपूरकरांना सांगायचं आहे.

आधी पोस्टर. देवी कोपऱ्यात, तुम्ही मध्यभागी, हात जोडलेले, नजर आभाळाकडे. वरच्या पट्टीत माजी नगरसेवक, त्यांच्या शेजारी इच्छुक नगरसेवक. गीतकाराचं नाव राहिलं तर राहू द्या, कवी माणूस आहे, त्याला सवय असते. क्यूआर कोड मात्र हवाच. तो छापलेला फ्लेक्स सक्करदरा चौकात दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर बांधा. स्कूटीवर बसून, मान वर करून, सिग्नल सुटायच्या आत जो तो स्कॅन करेल, तोच खरा भक्त.

आता टीझर. समजा तुमचं ध्रुवपद असं आहे:

सकाळी तू लेक माझी, दुपारी तू माय गं,
सांज होता आजी होशी, धरू तुझे पाय गं.

देवी दिवसभरात तीन रूपांत दिसते ही कोराडीची श्रद्धा दोन ओळींत आली आहे. एकदा ऐकलं की भाजी चिरताना बाया गुणगुणतील. म्हणूनच या ओळी टीझरमध्ये घालू नका. लोकांना गाणं आधीच कळलं तर ते ऐकतील काऊन? तीस सेकंदांतले दहा स्टुडिओच्या फिरत्या लोगोला द्या, दहा तुमच्या हेडफोन लावलेल्या बाजूच्या चेहऱ्याला, आणि उरलेल्या दहांत विजेचा कडकडाट करून ‘लवकरच’ लिहा. देवीचं की भुताचं, हे ओळखायचं काम रसिकांचं.

मूळ गाण्यातही हाच संयम पाळा. आधी शंख, मग घंटा, मग भारदस्त आवाजातलं निवेदन, मग आलाप. ध्रुवपद सव्वा मिनिटावर येऊ द्या. स्पॉटिफायवर किमान तीस सेकंद ऐकलं तरच ते ऐकणं मोजलं जातं, असं कोणी सांगेल. त्याला म्हणावं, आमचा शंखच चाळीस सेकंदांचा आहे. पुढे यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठवर टिकले याचा आलेख दिसतो. त्यात रेघ पहिल्या अर्ध्या मिनिटातच कोसळलेली दिसली, तर मोबाइल उलटा ठेवून द्या.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुहूर्त. ‘घटस्थापनेला सर्व ॲप्सवर’ असं पोस्टरवर ठोकून द्या आणि गाणं डिस्ट्रिब्युटरकडे आदल्या रात्री पाठवा. काही गायक तीन-चार आठवडे आधी पाठवतात, भित्रे कुठले! डिस्ट्रिब्युटर फाइल तपासणार, मग ती एकेका ॲपकडे जाणार, तिथे आणखी वेळ लागणार. कव्हरवर फोन नंबर छापला असेल तर ते परत येण्याचीही शक्यता आहे. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी गाणं सुचवायचं तर ते प्रकाशित होण्याआधीच सुचवावं लागतं, आणि तेही किमान सात दिवस आधी सुचवलेलं बरं. एकदा बाहेर आलं की ती खिडकी बंद. पण तुमच्यासाठी देवी आहे, संपादक कशाला?

मग घटस्थापनेच्या पहाटे गाणं फक्त यूट्यूबवर असेल आणि बाकी ठिकाणी शोधणाऱ्यांना तुमच्याच नावाचा दुसरा कोणी गायक सापडेल. त्याला ऐकू द्या बिचाऱ्याचं.

शेवटी आवाहन. ‘ऐका’ एवढं साधं लिहू नका. ‘ऐका, लाइक करा, शेअर करा, सबस्क्राइब करा, घंटा दाबा, अकरा जणांना पाठवा’ असा अख्खा संकल्प सोडा. इन्स्टाग्रामवर लांबलचक लिंक कॅप्शनमध्येच चिकटवा. तिथे ती दाबून उघडत नाही, पण निळी नसली तरी दिसते ना! व्हॉट्सॲपवर मात्र लिंक पाठवूच नका, थेट व्हिडिओची फाइल पाठवा. मानेवाड्याच्या मावशीपासून पुण्याच्या भाच्यापर्यंत ती सगळ्यांकडे पोचेल, सकाळच्या पूजेला वाजेल, गरब्याच्या आधी मंडपातही वाजेल. यूट्यूबवर त्यातलं एकही ऐकणं चढणार नाही. मग तुम्ही खुशाल म्हणा, ‘नागपूरच्या लोकांना कलेची कदर नाही बाप्पा.’

उरलेल्या ॲप्सवर गाणं कोजागिरीच्या सुमारास उगवेल. तेव्हा जुनंच पोस्टर काढा, त्यावर ‘आता सर्वत्र उपलब्ध’ लिहा आणि पुन्हा टाका. खाली पहिली कॉमेंट येईल, ‘ताई, आवाज लय गोड, आजच ऐकतो.’ तिला हात जोडल्याचं चित्र पाठवा आणि गीतकाराचा फोन आला तर उचलू नका.