चौघेही हसले

इंग्रजी कादंबऱ्यांचा मराठी अनुवाद करणाऱ्या माणसाला रडण्याचा त्रास फारसा होत नाही, कारण इंग्रजी पात्रे रडतात ती बेताने. त्रास होतो तो त्यांच्या हसण्याचा. ही मंडळी नुसती हसत कधीच नाहीत. कोणी 'गिगल' करते, कोणी 'चकल' करते, कोणी 'स्निकर' करते आणि उरलेला 'गफॉ' करून मेजावरचे पेले हलवतो. हे सारे हसण्याचेच प्रकार आहेत, एवढे मला ठाऊक होते आणि एवढ्यावरच भागेल, अशी माझी समजूत होती.

गेल्या वर्षी हाती घेतलेल्या एका कौटुंबिक कादंबरीच्या सातव्या प्रकरणात रात्रीच्या जेवणाचा प्रसंग होता. घरातले श्रीमंत काका आपल्या घोडेखरेदीचा एक किस्सा सांगतात आणि तो संपताच स्वतःच गफॉ करतात. धाकटी पुतणी गिगल करते, आजोबा चकल करतात आणि थोरला पुतण्या स्निकर करतो. सायंकाळचे सात वाजले होते, प्रकरण संपवायचे होते, म्हणून मी चौघांचा हिशेब एका वाक्यात मिटवला: 'चौघेही हसले.'

आठ दिवसांनी संपादिकाबाईंचा फोन आला. त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारले, "नवव्या प्रकरणात काका थोरल्या पुतण्याला मृत्युपत्रातून वगळतात, ते कशामुळे? तुमच्या अनुवादात तो बिचारा सगळ्यांसारखाच हसला आहे."

मी मूळ पुस्तक पुन्हा उघडले. साऱ्या इस्टेटीचा निकाल त्या एका क्रियापदावर लागला होता. स्निकर म्हणजे दाबलेले, अर्धे नाकातून सुटणारे, दुसऱ्याच्या फजितीवरचे हसणे. घोडा लंगडा निघाला होता आणि तो काकांच्या गळ्यात बांधण्यात आला होता, हे पुतण्याला ठाऊक असल्याची ती खूण होती. काकांनी नेमके तेवढेच ऐकले. अर्थात मी त्याला सगळ्यांबरोबर हसवून चांगल्या घरचा मुलगा केले होते आणि एका निरपराध तरुणाला भिकेला लावले होते.

मग दुरुस्ती सुरू झाली. काकांचे काम सोपे निघाले, कारण मराठीत 'सातमजली हसणे' तयारच आहे. गफॉमध्ये जो एकाएकी होणारा स्फोट असतो आणि जो थोडासा राकटपणा असतो, तो सात मजल्यांत व्यवस्थित मावतो. पुतणीसाठी मी आधी 'फिदीफिदी हसली' असे लिहिले आणि लगेच खोडले, कारण फिदीफिदीमध्ये हसणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याची नापसंतीच अधिक असते. घरातली वडीलधारी माणसे 'काय फिदीफिदी हसता' असे म्हणतात, 'मी फिदीफिदी हसलो' असे कोणी स्वतःविषयी सांगत नाही. गिगल हे तसे निरागस असते. ते बारीक आवाजाचे, लागोपाठ येणारे आणि बहुधा थोडे अवघडलेपणाचे असते. हसू नये असे वाटत असतानाच ते अधिक येते. 'खुदकन' वापरावे, तर मराठीतला हा '-कन' एकदाच होऊन जाणाऱ्या गोष्टीचा असतो. माणूस पटकन उठतो, धाडकन पडतो आणि खुदकन हसतो, ते एकदाच; पाच मिनिटे कोणालाही खुदकन हसत राहता येत नाही. कादंबरीतली पुतणी मात्र सूप संपेपर्यंत थांबत नाही. अखेरीस ती 'खुदुखुदु हसत राहिली' आणि प्रश्न सुटला.

आजोबांनी माझा सर्वांत अधिक वेळ खाल्ला. इंग्रजीतला चकल हा शब्द कोंबडीच्या कुकुकण्यावरून आलेला आहे आणि त्यात ती घशातली, समाधानी, स्वतःपुरती कुकुक अजून ऐकू येते. 'गालातल्या गालात हसले' म्हणावे, तर गालातले हसणे मुके असते. 'मिशीतल्या मिशीत हसले' हे मला इतके आवडले की मी ते छपाईला पाठवण्याच्या बेतात होतो. पण संपादिकाबाईंनी दाखवून दिले की पहिल्या प्रकरणात आजोबा गुळगुळीत दाढी-मिशी करताना दिसतात. त्यात हे आजोबा बोलताबोलता चकल करतात. इंग्रजी लेखक अवतरणचिन्ह मिटवतो आणि पुढे 'म्हणाले' ऐवजी सरळ हसण्याचे क्रियापद ठेवून देतो. मराठीत "मीठ कमी आहे," आजोबा हसले, असे लिहिले की आजोबा आधी तक्रार करतात आणि मग कारण नसताना हसतात, असे वाटू लागते, कारण आपल्या 'हसणे' या क्रियापदाला कोणाचे बोलणे कर्म म्हणून चालत नाही. म्हणून हसणे आणि म्हणणे वेगवेगळे करावे लागते, आणि शब्द वाढतात. (शब्दांवर मानधन ठरलेले असल्याने या एका अडचणीबद्दल माझी तक्रार नाही.) सुदैवाने या पुस्तकात कोणीही 'चॉर्टल' केले नव्हते, तो शब्द ल्युईस कॅरॉल यांनी १८७१ मध्ये चकल आणि नाकाने फुरफुरणे यांची सांगड घालून स्वतःच घडवला, आणि एका आजोबांनी दोन्ही गोष्टी एकदम केल्या असत्या, तर मी काम परत केले असते.

उरला पुतण्या. 'कुत्सितपणे हसला' यात कुत्सितपणा आला, पण आवाज गेला. 'छद्मी हसला' म्हटल्यावर तो नाटकातला खलनायक झाला. निरुपायाने मी भरताच्या नाट्यशास्त्राकडे वळलो. तिथे हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. त्यातल्या उपहसिताचे लक्षण वाचून मी खुर्चीतून उठलोच: नाकपुड्या फुललेल्या, नजर तिरकी, खांदे आणि डोके आक्रसलेले. हा शब्दशः आमचा पुतण्या होता. मात्र 'पुतण्याने उपहसित केले' असे लिहिणे शक्य नव्हते आणि आजच्या मराठीतला उपहास तोंडावर केला जातो. स्निकर करणाऱ्याला तर आपण पकडले जाऊ नये, असेच वाटत असते.

लक्षण बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी मी आरशासमोर बसून नाकपुड्या फुलवल्या, खांदे आखडले आणि नजर तिरकी करून हसून पाहिले. मागे पत्नी धुतलेले कपडे घेऊन उभी होती.

"हे हसणं मला माहीत आहे," ती म्हणाली. "आमच्या दादानं साखरपुड्यात गाणं म्हटलं, तेव्हा तुम्ही खाली मान घालून असेच खुसुखुसु हसत होतात."

त्या गोष्टीला अकरा वर्षे झाली होती. मी तेव्हा केवळ कौतुकाने हसलो होतो, हे मी त्याही वेळी सांगितले होते आणि आत्ताही सांगितले, परंतु ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मी मात्र टेबलाकडे धावलो आणि लिहिले: 'थोरला पुतण्या खाली मान घालून खुसुखुसु हसला.' पुतण्याची इस्टेट रीतसर बुडाली आणि संपादिकाबाईंनी समाधान कळवले.

पुढच्याच रविवारी दादा जेवायला आले. वरणभात कालवताना त्यांनी आपण जुनी मोटार विकत घेतल्याचा किस्सा सांगितला. मी कसलाही धोका पत्करला नाही. मान वर ठेवली, नाकपुड्या ताब्यात ठेवल्या आणि किस्सा संपताच सातमजली हसलो. दादा खूश झाले. पत्नी माझ्या पानात आमटी वाढायला वाकली आणि कानाशी म्हणाली, "तिसऱ्या मजल्यापर्यंतच पोचलं."