तीन लीडवर अख्खा वयोगट बंद करू नका

"ॲड्स मॅनेजरमध्ये वय आणि लिंगाचा ब्रेकडाउन उघडा. ज्या गटाची लीड सरासरीपेक्षा महाग पडते तो बंद करा आणि त्याचे पैसे सर्वांत स्वस्त गटाला द्या. आकडे समोरच असतात, वेगळी टेस्ट लागत नाही. दोन आठवड्यांचा रिपोर्ट पुरे."

ठाण्यातल्या दुकानदारांमध्ये हा सल्ला सध्या फार फिरतोय, आणि तो मानून चालत्या जाहिरातींचं नुकसान करून घेणारे मी पाहतोय. म्हणून घोडबंदर रोडवरच्या एका मॉड्युलर किचनच्या शोरूमचेच आकडे मांडतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवर फॉर्मची जाहिरात, दोन आठवडे, खर्च २४,००० रुपये, लीड ४८, म्हणजे फॉर्म भरून चौकशी करणारे ४८ जण. सरासरी ५०० रुपयांना एक. पंचविशीपासून चौसष्टपर्यंतचे चार वयोगट आणि स्त्री-पुरुष, असे आठ गट. प्रत्येकावर साधारण तीन हजार खर्च झाला होता. ४५ ते ५४ वयाच्या स्त्रियांकडून ३ लीड आल्या, म्हणजे हजाराला एक. ३५ ते ४४ च्या पुरुषांकडून १०, म्हणजे तीनशेला एक. मालकांनी रिपोर्ट पाहिला आणि बायकांचा तो गट त्याच संध्याकाळी बंद करायचं ठरवलं.

आधी दोन आठवड्यांचं बोलू, कारण बाकीचा सल्ला त्याच्यावरच उभा आहे. तीन हजार रुपयांत पाचशेच्या भावाने सहा लीड यायला हव्या होत्या. पण लीड काही मोजून-मापून येत नाहीत. सगळे गट अगदी सारखे असते, तरी सहाच्या जागी तीन किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता सुमारे १५ टक्के आहे. एका गटापुरतं हे कमी वाटेल, पण आपण आठ ओळी बघतो आणि त्यातली सर्वांत वाईट उचलतो. आठपैकी निदान एक गट तरी इतका खाली दिसण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या वर जाते. म्हणजे गटांत काडीचाही फरक नसताना बहुतेक रिपोर्टांत 'हजाराची लीड' देणारा कुणीतरी सापडणारच.

हे तपासायला सॉफ्टवेअर लागत नाही. गटाचा खर्च भागिले सरासरी भाव, म्हणजे अपेक्षित लीड. त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. इथे सहाचं वर्गमूळ अडीचच्या जवळ, दुप्पट केलं की पाच. म्हणून साधारण १ ते ११ लीडपर्यंत काहीही आलं, तरी तो योगायोग असू शकतो. आपले ३ आणि १० दोन्ही त्याच्या आतच आहेत. अपेक्षित आकडा पाचाच्या खाली असेल, तर त्या ओळीवरून कुठलाच निष्कर्ष काढू नका.

प्रत्यक्षात तर डळमळ याहून मोठी असते. कासारवडवलीत एका टॉवरचं पझेशन मिळालं की त्याच आठवड्यात तिथले शेजारी-शेजारी फॉर्म भरतात. पाच लीड दिसतात, पण मागे कारण एकच असतं. त्यामुळे मी वरच्या हिशेबाला किमान मर्यादा समजतो.

आता महाग गट बंद करून स्वस्ताला पैसे देण्याबद्दल. या सल्ल्यात सरासरी भाव आणि पुढच्या लीडचा भाव एकच धरलाय, आणि इथेच घोटाळा होतो. समजा एका गटात पहिले ६,००० रुपये गेले आणि २० लीड आल्या. पुढच्या ३,००० रुपयांत फक्त ५ आल्या, कारण सहज फॉर्म भरणारे संपले. रिपोर्टमध्ये ९,००० ला २५, म्हणजे ३६० रुपयांची लीड दिसते. दुसऱ्या गटात ३,००० ला ६, म्हणजे ५०० ची. हा 'महाग' गट बंद करून त्याचे तीन हजार पहिल्याला दिले, तर सहा लीड जातील आणि बदल्यात जेमतेम पाच येतील, बहुधा त्याहूनही कमी. सिस्टिमने दुसऱ्या गटाकडे पैसे वळवले ते याच कारणाने. मेटा स्वतःच्या मदत-पानांवर याला 'ब्रेकडाउन इफेक्ट' म्हणते. शिवाय टार्गेटिंगमध्ये असा मोठा बदल केला की ॲड सेट पुन्हा लर्निंग फेजमध्ये, म्हणजे जाहिरात कुणाला दाखवावी हे सिस्टिम शिकत असते त्या टप्प्यात, जाऊ शकतो. तिथून बाहेर यायला आठवड्यात साधारण ५० रिझल्ट लागतात. दोन आठवड्यांत ४८ लीड मिळवणाऱ्या शोरूमला ते कुठून परवडणार?

वेगळी टेस्ट लागते की नाही, हे त्या शोरूमच्या पुढच्या आकड्यांवरूनच बघा. मालकांना थांबायला राजी केलं. पुढच्या दोन आठवड्यांत, तेवढ्याच खर्चात, त्याच ४५ ते ५४ च्या स्त्रियांकडून ७ लीड आल्या आणि ३५ ते ४४ च्या पुरुषांकडून ६. पहिल्या पंधरवड्यात दिसलेला फरक दुसऱ्या पंधरवड्यात टिकला नाही, तर त्याच्या मागे जाऊ नये. पहिल्या रिपोर्टने प्रश्न सुचवावा, उत्तर मात्र नव्या आकड्यांकडून घ्यावं.

खरा फरकही असतो, आणि तो इथेच सापडला. आठ ओळींऐवजी दोनच ठेवल्या, स्त्रिया आणि पुरुष. सहा पंधरवड्यांत दोन्हींकडे खर्च जवळपास सारखा, ७२-७२ हजार. स्त्रियांच्या लीड १६५, पुरुषांच्या १२३. खर्च सारखा असेल तर दोन आकड्यांच्या बेरजेचं वर्गमूळ दुप्पट करायचं. २८८ चं वर्गमूळ १७, दुप्पट ३४. फरक ४२, म्हणजे मर्यादेबाहेर. शिवाय सहापैकी पाच पंधरवड्यांत स्त्रियाच पुढे होत्या. हा मी खरा मानला.

मग तो नेमका कुठे तयार होतोय ते पाहिलं. इंप्रेशन, म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली तो आकडा, लाखांत असतो, क्लिक हजारांत. तिथले फरक लीडपेक्षा कितीतरी लवकर भरवशाचे होतात, म्हणून वरून खाली यावं. सीपीएम, म्हणजे हजार वेळा जाहिरात दाखवायचा खर्च, दोघांचा जवळपास सारखा. क्लिक करून फॉर्म भरण्याचं प्रमाणही सारखं. स्त्रिया क्लिकच जास्त करत होत्या. व्हिडिओत ट्रॉली आणि ड्रॉवर होते, पण किंमत आणि हप्त्याचा उल्लेख नव्हता. म्हणजे पुरुष नकोच असं यातून निघत नाही, जाहिरात एकांगी असावी अशी शंका निघते. आणि ती दुसरा व्हिडिओ चालवून तपासता येते.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायची. वय आणि लिंग मुख्यतः प्रोफाइलमध्ये माणसाने भरलेलं असतं, आणि स्वयंपाकघराचा निर्णय एकट्या फॉर्म भरणाऱ्याचा नसतो. म्हणून शोरूमच्या वहीतल्या भेटी मोजल्या. स्त्रियांच्या लीडमधून ३३ भेटी, पुरुषांच्या लीडमधून २७. साठचं वर्गमूळ पावणेआठ, दुप्पट साडेपंधरा. फरक सहाचा. लीडमध्ये खरा दिसलेला फरक भेटींपर्यंत पोचतो, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. मालकांनी एकही गट बंद केला नाही, बजेट होतं तसंच ठेवलं, आणि हप्त्याची माहिती देणारा दुसरा व्हिडिओ त्याच ॲड सेटमध्ये लावला.