सुहरावर्दीने तर्क टाकून दिला नव्हता

"सूफी पंथाचा संस्थापक सुहरावर्दी याने अ‍ॅरिस्टॉटलचे तर्कशास्त्र निरुपयोगी ठरवले. साक्षात ज्ञान म्हणजे आतून येणारी खात्री; तिला पुरावा लागत नाही आणि ती कधी चुकत नाही. म्हणूनच तर्कवाद्यांनी त्याला ठार केले."

हा मजकूर माझ्या भाचीने जसाच्या तसा आपल्या तत्त्वज्ञानाच्या निबंधात उतरवला आणि मला वाचायला पाठवला. तिने तो खरा मानला, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

किरकोळ चुका आधी उरकतो. सुहरावर्दी सूफी संप्रदाय ज्यांच्या नावाशी जोडला जातो, ते अबू नजीब आणि त्यांचे पुतणे उमर हे दोघे वेगळे. इथे विषय बाराव्या शतकातील इराणी तत्त्ववेत्ता यह्या सुहरावर्दी याचा आहे. इ.स. 1191 मध्ये अलेप्पोत त्याला देहदंड झाला तो तिथल्या धर्मशास्त्र्यांच्या तक्रारींवरून आणि सुलतान सलाहुद्दीनच्या हुकमाने. त्यात तर्कशास्त्राच्या कैवाऱ्यांचा हात नव्हता.

तर्कशास्त्राबद्दलच्या विधानात अर्धे सत्य आहे, ते मान्य करतो. 1186 मध्ये पूर्ण झालेल्या 'हिकमत अल-इश्राक' या ग्रंथात त्याने अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेतील व्याख्येवर खरोखर कठोर टीका केली आहे. त्या परंपरेत एखाद्या वस्तूची व्याख्या म्हणजे तिची जाती अधिक तिचा व्यवच्छेदक गुण, जसे मनुष्य म्हणजे विचारशील प्राणी. सुहरावर्दी विचारतो की, वस्तूचे सर्व मूलभूत घटक व्याख्येत आले, एकही निसटला नाही, हे कशावरून ठरवणार? शिवाय व्यवच्छेदक गुण जर त्या वस्तूखेरीज कुठेच आढळत नसेल, तर वस्तू माहीत नसलेल्याला तो गुण तरी कुठून कळणार? काळा रंग ज्याने कधी पाहिलाच नाही, त्याला कोणतीही व्याख्या तो दाखवू शकत नाही. पण या टीकेचा रोख व्याख्येवर आहे, अनुमानावर नाही. त्याच ग्रंथाचा संपूर्ण पहिला भाग विचाराच्या नियमांना वाहिलेला आहे, आणि त्यात त्याने अनुमानाची मांडणी सोपी केली आहे, रद्द केलेली नाही.

आता त्या मजकुरातील सर्वांत घातक वाक्याकडे येतो, ते म्हणजे खात्रीचे. इथे ज्ञानाचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात: इल्म-ए-हुसूली म्हणजे मनात उमटलेल्या प्रतिमेच्या द्वारे मिळवलेले ज्ञान आणि इल्म-ए-हुजूरी म्हणजे ज्ञेय वस्तू स्वतःच हजर असल्याने होणारे ज्ञान, ज्याला त्या मजकुरात 'साक्षात ज्ञान' म्हटले आहे. आपले 'हशील' आणि 'हजर' हे शब्द याच दोन अरबी धातूंतून आलेले आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला हा भेद परका वाटू नये. या दुसऱ्या प्रकारच्या ज्ञानाच्या बाजूने सुहरावर्दीने जे लिहिले, ते भावनेचे निवेदन नसून रीतसर युक्तिवाद आहे. मी मला प्रतिमेतून ओळखतो असे क्षणभर धरू. ती प्रतिमा माझीच आहे हे मला ठाऊक नसेल, तर मी स्वतःला ओळखलेच नाही. ते ठाऊक असेल, तर प्रतिमेच्या आधीच मी स्वतःला ओळखत होतो. शिवाय प्रतिमा माझ्यासाठी 'ती' असते, 'मी' कधीच नसते. म्हणून स्वतःचे ज्ञान प्रतिमेविना, थेट उपस्थितीतून होते. तर्क निरुपयोगी मानणारा माणूस असा दुहेरी पेच रचत बसला नसता.

या ज्ञानात चूक शिरत नाही याचे कारणही मनाचा जोर हे नव्हे. जाणणारा आणि जाणलेले यांच्यामध्ये प्रतिमाच नसल्यामुळे 'प्रतिमा वस्तूशी जुळते का' हा प्रश्न तिथे उद्भवत नाही. शरीराला होणारी वेदना हे त्याचे दुसरे उदाहरण, आणि मर्यादा तिथेच स्पष्ट दिसते. दाढ दुखते तेव्हा दुखणे हजर असते, त्याबद्दल शंका घेता येत नाही. पण कोणती दाढ किडली आहे, हे त्या दुखण्यात हजर नसते. खालच्या दाढेत जाणवणाऱ्या कळेचे मूळ कधी वरच्या दाढेत निघते, आणि ते तपासूनच ठरवावे लागते. 'मला खात्री वाटते' एवढेच हजर आहे; ती खात्री ज्या बाहेरच्या गोष्टीबद्दल आहे, ती गोष्ट नव्हे. हे दाढेचे उदाहरण माझे आहे, पण भेद त्याचाच आहे.

ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो सांगतो की, हे विचार त्याला प्रथम चिंतनाने गवसले नाहीत, वेगळ्या मार्गाने लाभले. नंतर त्याने त्यांच्यासाठी प्रमाण शोधले. प्रमाणाकडे पाहणे थांबवले तरी कोणी आपल्याला शंकेत पाडू शकणार नाही, असेही तो म्हणतो. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा हेच शेवटचे वाक्य उचलले आणि मधले सोडून दिले. त्याच ठिकाणी तो खगोलशास्त्राचा दाखला देतो: डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींच्या आधारे जसे ते शास्त्र उभे राहते, तसे आत्मिक क्षेत्रात पाहिलेल्याच्या आधारे हे. निरीक्षण आधी येते, हे खरे. पण त्यावर शास्त्र उभारण्याचे काम त्यानंतरही करावेच लागते, आणि सुहरावर्दीने ते ग्रंथभर केले आहे.

भाचीला निबंधातला तो परिच्छेद काढून त्या जागी प्रतिमेचा युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत मांडायला सांगितले आहे.