प्री-बिडले जाऊन काय करता, राजेहो!

निविदा सूचना पूर्ण वाचणाऱ्या ठेकेदाराचा धंदा कधी मोठा होत नाही. सूचना ही लग्नपत्रिकेसारखी बघायची असते. जेवण कुठे आणि किती वाजता एवढे पाहायचे आणि पत्रिका खिशात घालायची. कामाचे नाव, अंदाजित किंमत आणि बयाणा रक्कम कळली की तुमचे काम झाले. त्याखाली बारीक अक्षरात निविदापूर्व बैठकीचा, म्हणजे प्री-बिडचा, जो परिच्छेद असतो, तो ज्यांना उद्योग नाही त्यांच्यासाठी.

मागल्या उन्हाळ्यात नागपुरातल्या एका नाल्याच्या खोदकामाची आणि संरक्षक भिंतीची निविदा मी याच पद्धतीने भरली. तुम्हालाही जमावे म्हणून कृती सविस्तर सांगतो.

त्या परिच्छेदात लिहिले होते की बैठक बुधवारी, 13 मेला सकाळी 11.30 वाजता सिव्हिल लाइन्समधल्या कार्यालयाच्या सभागृहात होईल. शंका लेखी स्वरूपात सोमवारी, 11 मेला संध्याकाळी 5 पर्यंत पोहोचाव्यात. प्रत्येक निविदाधारकाचे दोनच प्रतिनिधी येतील, त्यांच्याकडे फर्मच्या लेटरहेडवरचे अधिकारपत्र आणि ओळखपत्र असावे. आता यातली गंमत बघा. शंका विचारायची मुदत बैठकीच्या दोन दिवस आधी संपते. सरकारी माणसाला उत्तर शोधायला, फाइल वर पाठवायला, वरच्याला सही करायला वेळ लागतो म्हणून हे असते, असे जाणकार सांगतात. तुम्ही असे समजा की हा छपाईचा दोष आहे. बैठक 13 तारखेला आहे ना? मग शंकाही 13 तारखेलाच सुचतील.

शंका लेखी पाठवायचा तक्ताही निविदेतच दिलेला असतो. पान क्रमांक, कलम क्रमांक, मूळ मजकूर, शंका आणि तुम्हाला हवा असलेला बदल. हे भरायचे म्हणजे निविदा वाचावी लागते, तेव्हा हा मार्ग तर बंदच. त्यातूनही फारच हौस असेल तर ‘अटी शिथिल कराव्यात’ असे एक वाक्य लिहून पाठवा. कोणती अट, किती शिथिल, का, हे लिहू नका. ‘निविदेतील तरतुदीनुसार’ असे तीन सेकंदात उत्तर देता येते, साहेबाचेही श्रम वाचतात.

बैठकीला मात्र जरूर जा. न गेल्याने निविदा बाद होत नाही असे बहुतेक निविदांत स्पष्ट लिहिलेले असते, पण नागपूरच्या मे महिन्यात फुकटचा कूलर कुठे मिळतो? आधी तर्री पोहे खा, उशिरा पोहोचा. अधिकारपत्र घरी विसरा आणि दारावरच्या शिपायाला म्हणा, ‘काऊन जी, मले ओळखत नाही का?’ मी 11.40 ला पोहोचलो आणि हजेरीपटावर ऐटीत सही केली, समोर वेळही टाकली. ती सही जपून ठेवा, तिचा उपयोग शेवटी येतो. हजेरीपटाचा आणखी एक फायदा असा की स्पर्धेत कोण कोण आहे ते एका कागदावर वाचायला मिळते. मग बाहेरच्या चहाच्या टपरीवर कोण कोणाशी काय बोलते, हे मी लिहिणार नाही. काही कार्यालये आता बैठक व्हिडिओवर घेतात ती बहुधा चहावाल्याच्या वाइटावर.

आत माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, आणि प्रश्न रास्त होता. कामाच्या बाबींच्या यादीत 4,000 घनमीटर खोदकाम होते आणि निघालेली माती ‘अभियंता सांगतील तेथे’ टाकायची होती. किती लांब, ते लिहिलेलेच नव्हते. खोदकामात मातीचा दर खोदण्यात कमी आणि वाहण्यात जास्त असतो, हे धंद्यातल्या पोरालाही कळते. लीड, म्हणजे माती वाहायचे अंतर, माहीत नाही तर दर काय भरणार?

मी उभा राहिलो आणि विचारले, ‘साहेब, माती कुठे टाकायची?’

साहेब हसले. ‘जवळच हो भाऊ. दोन किलोमीटरच्या आत जागा आहे. टेन्शन नका घेऊ.’

सभागृह हसले, मी बसलो. साहेबाचा शब्द आणि तोही चाळीस माणसांसमोर! लिहून कशाला मागायचे, अविश्वास दाखवल्यासारखे होते. मागच्या रांगेत एक पोरगा खाली मान घालून काहीतरी टिपत होता. त्याने 9 तारखेलाच नेमका हाच प्रश्न पान आणि बाब क्रमांकासह ईमेलवर पाठवला होता, हे मला फार उशिरा कळले.

पाच दिवसांनी शुद्धिपत्रक संकेतस्थळावर आले. त्यात लेखी शंकांची उत्तरे होती, विचारणाऱ्यांची नावे नव्हती. माझा प्रश्न माझा म्हणून नव्हताच, कारण तो तोंडी होता. त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर असे होते: विल्हेवाटीची जागा कंत्राटदाराने स्वतः शोधावी, दर सर्व अंतरासह समजावा, वाहतुकीचे वेगळे देयक मिळणार नाही. दोन किलोमीटरचा शब्द कुठेच नव्हता. शुद्धिपत्रक हा निविदेचा भाग असतो आणि ते सही करून तांत्रिक लिफाफ्यात जोडावे लागते. आमच्या मुनीमजींनी ते डाउनलोड केले, अपलोड केले आणि माझी डिजिटल सही ठोकली. वाचले कोणीच नाही. वाचायला कोणी सांगितले होते?

आणि राजेहो, निविदा आपलीच लागली! सर्वांत कमी दर. त्या पोराच्या दरापेक्षा बराच खाली. मी पेढे वाटले.

मग माती निघाली. जमिनीत दाबलेली माती खोदल्यावर फुगते, म्हणून 4,000 घनमीटरचे 5,000 धरा. एका हायवा ट्रकमध्ये दहा घनमीटर, म्हणजे 500 खेपा. जवळची प्रत्येक मोकळी जागा कोणाच्या तरी लेआउटमधली निघाली, आणि जिथे टाकू दिले ती जागा 15 किलोमीटरवर होती. मी दर भरला होता दोनचा. एका खेपेला जाऊन-येऊन 26 किलोमीटर जास्त, 500 खेपांना 13,000 किलोमीटर. भरलेला आणि रिकामा मिळून हायवा लिटरला तीन किलोमीटर देतो असे धरले तरी सव्वाचार हजार लिटरच्या वर डिझेल. लिटर नव्वदाचे धरा, चार लाखांच्या आसपास गेले. ड्रायव्हर, टायर, वाटेतले चहापाणी वेगळे.

साहेबांकडे गेलो. दालन तेच, कूलर तोच.

‘साहेब, तुम्ही म्हणाले होते ना, दोन किलोमीटर.’

‘म्हणालो असेन,’ साहेब म्हणाले. ‘शुद्धिपत्रकात दाखवा.’

मी म्हटले, बैठकीला चाळीस लोक होते. साहेबांनी शांतपणे फाइल उघडली, शुद्धिपत्रकाखालची माझी डिजिटल सही दाखवली, मग दोन पाने मागे जाऊन हजेरीपटावरची शाईची.

‘आले होते तुम्ही, हे मान्य आहे,’ ते म्हणाले. ‘11.40 ला.’