वेज-डॅश ही सजावट नाही

«मॅडम, उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मिळाली. ब्रोमीनच्या प्रश्नात बाण सगळे बरोबर आहेत, तरी पाचपैकी दोनच दिलेत. आमच्या बॅचमध्ये सगळे हेच सांगतात की मेकॅनिझमला मार्क बाणांचे असतात, वेज-डॅश फक्त शेवटच्या प्रॉडक्टला लावायचे. एसएन-२ असलं की आरचं एस करायचं, एसएन-१ असलं की रेसेमिक लिहायचं, संपलं. मग माझे मार्क का कापले? रिव्हॅल्युएशनला टाकू का?»

रिव्हॅल्युएशनला टाकू नकोस, फी वाया जाईल. झेरॉक्स मी दोनदा पाहिली. तपासणाऱ्याने दोन मार्क दिले ते जरा सढळ हातानेच दिलेत, असं माझं मत आहे.

बाणांपासून सुरू करू. प्रश्न होता ट्रान्स-२-ब्युटीन अधिक ब्रोमीन. पहिल्या पायरीत तू ब्रोमोनियम आयन काढलास, तीन अणूंची रिंग, ब्रोमीनवर धन प्रभार. छान. पण त्या रिंगमधल्या दोन कार्बनांवर मिथाइल कुठे आणि हायड्रोजन कुठे, हे तू दाखवलंच नाहीस. नुसत्या रेषा आहेत. त्यामुळे ब्रोमाइडचा बाण मागून येतो आहे की पुढून, ते कागदावरून कळायला मार्ग नाही. बाण कार्बनपर्यंत पोचला एवढंच दिसतं. आणि या अभिक्रियेत तर दिशा हाच मुद्दा आहे. रॉबर्ट्स आणि किंबॉल यांनी १९३७ मध्ये ब्रोमोनियम आयन सुचवला तो ब्रोमीनचे दोन अणू विरुद्ध बाजूंनी का जुळतात, हे समजावण्यासाठीच. मोकळा कार्बोकॅटायन धरला तर मधला सी-सी बंध फिरू शकतो आणि सिस काय, ट्रान्स काय, दोघांतून मिश्रणच मिळायला हवं. प्रत्यक्षात ट्रान्समधून मेसो मिळतो आणि सिसमधून रेसेमिक. म्हणजे स्टिरिओकेमिस्ट्री हा इथे पुरावा आहे. तो गाळलास तर तीन अणूंची रिंग काढायला कारणच उरत नाही.

आता शेवटचं प्रॉडक्ट. तू झिगझॅग साखळी काढलीस, दोन्ही ब्रोमीन वेजवर दाखवलेस आणि खाली लिहिलंस ‘मेसो’. नाव बरोबर, चित्र चूक. तपासणाऱ्याने चित्राभोवती लाल गोल केलाय तो याचसाठी. हे कुठून आलं तेही मला माहीत आहे. फिशर प्रोजेक्शनमध्ये दोन्ही ब्रोमीन एकाच बाजूला म्हणजे मेसो, हे तुझ्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि ते खरंही आहे. पण फिशर हा रेणूचा एक्लिप्स्ड आकार आहे आणि झिगझॅग हा अँटी. एका चित्राचा नियम दुसऱ्या चित्रावर उचलून ठेवता येत नाही. झिगझॅगमध्ये २,३-डायब्रोमोब्युटेनचा मेसो म्हणजे एक वेज आणि एक डॅश. दोन्ही वेज काढलेस की तो कायरल समघटक होतो, म्हणजे सिस-ब्युटीनमधून मिळणारा. तुझ्या चित्राने तुझ्याच नावाला खोटं पाडलं.

हे न चुकता यावं म्हणून असं कर. ट्रान्स-ब्युटीन कागदाच्या पातळीत झिगझॅगच काढ, ते तसंच असतं. पहिला ब्रोमीन पुढून आला, म्हणून ब्रोमोनियम तुझ्या बाजूला. ब्रोमाइड मागून येतो आणि समजा, सी-३ वर बसतो. सी-३ वरचा ब्रोमीन डॅश झाला, सी-२ वरचा वेज राहिला. साखळी हललीच नाही, म्हणून उत्तर आपोआप निघालं. मग दोन्ही कार्बनांची आर-एस तपास. सी-२ वर क्रम ब्रोमीन, मग सी-३ (त्यावरही ब्रोमीन आहे म्हणून), मग मिथाइल, मग हायड्रोजन. सी-३ वरही तसाच. एक आर आणि एक एस आला तर मेसो. दोन्ही आर किंवा दोन्ही एस आले तर कुठेतरी हात घसरला. हल्ला सी-२ वर झाला असता तरी तोच रेणू मिळतो, हेही एकदा काढून बघ.

सिसमध्ये मात्र खरी गोची आहे. तिथे हल्ल्यानंतर दोन्ही मिथाइल एकाच अंगाला असतात आणि झिगझॅगसाठी एक कार्बन १८० अंशांनी फिरवावा लागतो. फिरवला की डॅशवरचा ब्रोमीन वेजवर येतो. बहुतेक मुलं हल्ला आणि फिरवणं एकाच पायरीत उरकतात आणि तिथेच मार्क जातात. आधी प्रॉडक्ट जसं तयार झालं तसं काढ. त्याच्या शेजारी फिरवलेलं काढ. एक चित्र जास्त लागेल, लागू दे.

‘आरचं एस’ हा फॉर्म्युला तर आधी वहीतून खोडून टाक. इन्व्हर्जन ही रेणूत घडणारी गोष्ट आहे. आर आणि एस हे आपण नंतर लावलेलं लेबल. समजा (आर)-२-ब्रोमो-१-मेथॉक्सीप्रोपेनवर डीएमएसओमध्ये सोडियम सायनाइडने एसएन-२ केली. सुरुवातीला ब्रोमीन पहिला, CH₂OCH₃ दुसरा, मिथाइल तिसरा. ब्रोमीन गेल्यावर सायनाइड पहिला येईल असं वाटतं, पण येत नाही. त्याच्या कार्बनवर तीनदा नायट्रोजन मोजला जातो, तर CH₂OCH₃ च्या कार्बनवर एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन असतात. तुलना पहिल्या फरकावर थांबते, आणि एकटा ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा वरचढ ठरतो. म्हणजे पहिल्या दोन क्रमांकांची अदलाबदल झाली. पूर्ण इन्व्हर्जन होऊनही उत्तर आरच. तुझ्या बॅचचा नियम लावलास तर तू एस लिहिशील आणि बाण कितीही सुंदर असले तरी ते चूकच. लेबल नेहमी प्रॉडक्टचं चित्र पूर्ण झाल्यावर, कोऱ्या मनाने लावायचं.

एसएन-१ला ‘रेसेमिक’ हे त्यातल्या त्यात कमी चुकीचं. एकच कायरल कार्बन असेल आणि कॅटायन पुरेसा टिकत असेल, तर परीक्षेत ते चालतं. खरं तर निघून जाणारा गट काही क्षण त्या बाजूला रेंगाळतो, म्हणून बऱ्याचदा इन्व्हर्जन थोडं जास्त मिळतं. पण रेणूत दुसरा एखादा कायरल केंद्र असेल आणि त्याला हातच लागलेला नसेल, तर मिळतात ते डायस्टिरिओमर. त्यांना रेसेमिक म्हणणं ही सरळ चूक आहे, आणि प्रमाण निम्मं-निम्मं असायलाच हवं असंही नाही. तुझ्या सहाव्या प्रश्नात नेमकं हेच झालंय.

आणखी एक बारीक गोष्ट. निळ्या जेल पेनने तू वेज ठसठशीत भरतेस, पण दोन ठिकाणी त्याचं निमुळतं टोक ब्रोमीनकडे आहे आणि रुंद टोक कार्बनकडे. टोक कायरल कार्बनवर हवं. उलटं काढलेलं वेज वाचणाऱ्याला दोन अर्थांनी लागतं, आणि शंका आली की तपासणारा मार्क देत नाही. त्या कार्बनवरचा हायड्रोजनही काढत जा. गाळला तरी चालतो, पण तू अजून त्या टप्प्यावर नाहीस.

शनिवारी क्लासला येताना सिस-ब्युटीनचं पूर्ण उत्तर आण, दोन्ही कार्बनांवरचे हल्ले वेगवेगळे, फिरवण्याआधीचं आणि नंतरचं चित्र शेजारीशेजारी. खाली दोन्ही प्रॉडक्ट मिळून चारही कायरल कार्बनांची आर-एस लिही. पेन्सिलनेच काढ.