झोपलेली रेषा आणि एक फॉरवर्ड

“तापमानाचा ग्राफ सांगायचं पक्कं स्क्रिप्ट! १) उभा अक्ष शून्यापासूनच घ्या, नाहीतर ती फसवणूक. २) डावीकडून एकेक बिंदू घ्या, वर्ष आणि आकडा वाचा, एकही सोडू नका. ३) शेवटच्या आकड्यातून पहिला वजा करा, तीच शहराची वाढ. ४) रेषा पुढे ओढून दहा वर्षांनंतरचं तापमान सांगा. सर्वांना पाठवा.”

‘सर्वांना’मध्ये माझी भाचीही आली. तिला वर्गात एका शहराच्या वार्षिक सरासरी कमाल तापमानाचा आलेख समजावायचा होता. सरावासाठी दिलेले दहा वर्षांचे आकडे असे: ३१.२, ३१.०, ३१.५, ३१.३, ३१.९, ३१.६, ३१.४, ३१.८, ३२.१, ३१.७. तिने ३० ते ३३ अक्ष घेऊन छान आलेख काढला होता. फॉरवर्ड वाचून तो खोडला, शून्य ते ३५ घेतला आणि मला विचारलं, “मावशी, रेषा झोपली गं. चुकलं का काही?”

तिचं काहीच चुकलं नव्हतं. दहा सेंटीमीटर उंचीच्या आलेखावर ३५ अंश बसवले की एका अंशाला जेमतेम तीन मिलिमीटर येतात. सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या बिंदूत फरक १.१ अंशाचा, म्हणजे दहा वर्षांची सगळी चढउतार आलेखाच्या कागदावरच्या तीन बारीक चौकटींत कोंबली. आधीच्या आलेखात तोच फरक साडेतीन सेंटीमीटरहून जास्त दिसत होता. आता यातली फसवणूक कोणती?

शिवाय हे शून्य कुठलं? सेल्सिअसचं शून्य म्हणजे पाणी गोठण्याचं तापमान, ‘तापमान नाही’ असं नव्हे. फॅरनहाइटचं शून्य त्याच्याही जवळपास १८ अंश सेल्सिअस खाली. एकच शहर, तीच वर्षं, पण एकक बदललं की ‘प्रामाणिक’ चित्रही बदलणार!

एवढं मात्र नाइलाजाने मान्य करते की स्तंभालेखात शून्य हवंच, कारण तिथे डोळा स्तंभाची लांबी मोजतो. कुणीतरी तो नियम उचलून रेषेला चिकटवला. रेषेत डोळा चढ बघतो. अक्ष फार आवळला तर किरकोळ चढही डोंगर वाटतो हे खरं, पण त्यावरचा उपाय म्हणजे अक्ष कुठून कुठपर्यंत आहे ते आधी तोंडाने सांगणं.

तिसऱ्या मुद्द्याने खरं नुकसान होतं. भाचीच्या आकड्यांत पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत वाढ ०.५ अंश. एक वर्ष उशिरा सुरू करून एक वर्ष आधी थांबा, वाढ १.१. पाचव्या वर्षापासून दहाव्यापर्यंत बघा, शहर चक्क ०.२ अंशाने थंड झालं! जागतिक तापमानाच्या बाबतीत हा खेळ खूप झाला: प्रबळ एल निन्योमुळे १९९८ फार उष्ण गेलं, तिथूनच रेषा सुरू करायची आणि तापमानवाढ थांबली म्हणायचं. त्यापेक्षा पहिल्या पाच वर्षांची सरासरी काढा, ३१.३८, पुढच्या पाचांची ३१.७२. फरक ०.३४, आणि तो एखाद्या लहरी वर्षावर टांगलेला नाही.

चौथ्याबद्दल काय बोलायचं! जागतिक हवामान संघटना हवामानाची सरासरी ठरवताना ३० वर्षं घेते, सध्या १९९१ ते २०२०. दहा ठिपक्यांच्या जोरावर पुढची दहा वर्षं सांगणं म्हणजे ज्योतिष.

राहिला दुसरा मुद्दा. अर्धा बरोबर आहे: बोट प्रत्येक बिंदूवर जायलाच हवं. पण दहा वर्षं आणि दहा आकडे वाचले की चौथ्यापर्यंत ऐकणारा पहिला विसरतो, आणि बघण्याऐवजी नुसता ऐकत बसतो. आम्ही बसून लिहिलं ते असं:

“आधी डावीकडे बघा. तळाला ३०, माथ्याला ३३ अंश. प्रत्येक ठिपका म्हणजे एका वर्षाची सरासरी; मधली रेषा मोजलेली नाही, नजरेला धरायला आहे. (थांब.) इथे सुरुवात, ३१.२. पुढचा ठिपका किंचित खाली. मग वर, पुन्हा थोडा खाली, आणि हा पाचवा एकदम वर, ३१.९. आता सलग दोन उतार. पण सातवा ठिपका बघा: उतरूनही तो सुरुवातीच्या ठिपक्याच्या वरच थांबला. (बोट आडवं पहिल्या ठिपक्यापर्यंत ने.) इथून आठवा वर, नववा सर्वांत उंच, ३२.१. शेवटचा खाली आलाय, तो लपवत नाही. पण पहिल्या पाचांपैकी फक्त एकच ठिपका त्याच्या वर आहे, तो शोधा.”

पाचवा. वर्गातल्या मागच्या बाकावरूनही तो दिसला, असं भाची सांगते. आलेख अर्थात ३० ते ३३ चाच होता, तिने पुन्हा काढलेला.