क्लिफर्डचे पाय

काल कट्ट्यावर वाद पेटला तो मास्तरच्या एका वाक्यावरून. डी. एच. लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर'मधला क्लिफर्ड हा माणूसच नाही, ते नुसतं प्रतीक आहे, असं तो म्हणाला. क्लिफर्ड म्हणजे कॉनीचा नवरा, कोळसाखाणींचा मालक. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन कमरेखाली कायमचा लुळा पडलेला. "शरीर अर्धं मेलेलं, म्हणजे त्याचा वर्ग अर्धा मेलेला. आणि हे लॉरेन्सने स्वतःच कबूल केलंय," मास्तर म्हणाला.

ते खरं आहे. कादंबरी १९२८ सालची, आणि तिच्याबद्दल लॉरेन्सचा एक मोठा लेख १९३० साली आला. त्यात तो सांगतो की कादंबरी त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा लिहिली. क्लिफर्ड सुचला तेव्हा प्रतीकाचा विचार मनात नव्हता. पहिला खर्डा वाचताना मात्र जाणवलं की हे लुळेपण म्हणजे त्या वर्गातल्या बहुतेक पुरुषांच्या भावना गोठल्याची खूण आहे.

"मग बघ ना, आधी माणूस आला, अर्थ मागून चिकटला," नाना म्हणाला. नाना स्वतः बरीच वर्षं चाकाच्या खुर्चीवर आहे. पण त्याने आपला दाखला दिला नाही, पुस्तकातला दिला. पाचव्या प्रकरणात क्लिफर्ड मोटारवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीतून घरातल्या खुर्चीत जातो. तो स्वतःला ओढून घेत वळतो आणि त्याच वेळी कॉनी त्याचे निर्जीव पाय हातांत उचलून पलीकडे ठेवते. "यात सगळी वेळेची जुळणी असते," नानाने समजावलं. "हातांवर भार घेऊन धड वळवलं तरी पाय आपोआप मागून येत नाहीत. ते उचलायला क्षणभर उशीर झाला तर पिळवटतात आणि बैठक निसटते. ही दोघं हे रोज करतात, म्हणून सहज करतात. तिथे उभा असलेला रखवालदार मेलर्स मात्र ते बघून पांढरा पडतो. भीती बघणाऱ्याला वाटते, करणाऱ्यांना नाही. एवढं बारीक निरीक्षण प्रतीकाला कशाला लागतं?"

मला हे फार पटलं. अपंगत्व लेखकाला अर्थ म्हणून हवंय की आयुष्य म्हणून, हे अशाच जागी कळतं. पात्र खुर्चीतून उठतं कसं, दाढी कोण करतं, मदत मागताना आवाज कसा होतो, हे पानावर दिसतं का?

ताईने तेरावं प्रकरण काढलं. क्लिफर्डची खुर्ची रानातल्या चढावर बंद पडते. खाली रानफुलं चिरडलेली, आणि क्लिफर्ड कोणाला हात लावू देत नाही. शेवटी मेलर्सला ढकलावं लागतं. "यंत्र, मालक, चिरडलेली फुलं. आता तो माणूस कुठे उरला?" ताईने विचारलं. नानाचं म्हणणं, दोन्ही आहे. फुलं लेखकाची, पण तो हट्ट क्लिफर्डचा. ज्याला घरात पदोपदी दुसऱ्याचे हात लागतात, त्याला आपणहून चालणारं ते एक इंजिन सोडवत नाही. यात प्रतीक काही नाही. मला वाटतं, लॉरेन्सला हा हट्ट दिसला, पण त्याने त्याच्याकडे फक्त मालकाचा माज म्हणून बघितलं.

मग ताई जे बोलली, त्यावर मी घरी जाईपर्यंत विचार करत होतो. त्याच लेखात लॉरेन्स म्हणतो की क्लिफर्डला लुळं करणं हा कदाचित कॉनीवर अन्याय झाला, कारण अशा नवऱ्याला सोडून जाणं जास्त हिणकस दिसतं. "कॉनीवर अन्याय! अरे, क्लिफर्डवर काय झालं, याचा तिथे विचारच नाही," ताई म्हणाली. मास्तरने मान हलवली. त्याचा मुद्दा हाच होता. माणूस म्हणून जन्मलेल्या पात्राला लेखकच पुढे विसरला.

शेवटाबद्दल मात्र एकमत झालं नाही. सोडून जात असल्याचं कॉनीचं पत्र आल्यावर क्लिफर्ड कोसळतो आणि नर्स मिसेस बोल्टनच्या कुशीत लहान मूल होऊन जातो. तिथे लॉरेन्सने त्याला पुरता प्रतीकाच्या हवाली केला, असं मास्तर म्हणाला, आणि मीही त्याच्याच बाजूने होतो. नाना ऐकेना. "त्याच्या पुढचं वाच. कॉनी समोर येऊन आपला प्रियकर म्हणून मेलर्सचं नाव सांगते आणि क्लिफर्ड घटस्फोट द्यायला साफ नकार देतो. दुखावलेला, खुनशी नवरा. त्या नकाराशी त्याच्या पायांचा काय संबंध? धडधाकट नवऱ्यानेही हेच केलं असतं."

मास्तरने पुस्तक त्याच्या हातून घेतलं आणि ते पान काढून पुन्हा वाचायला लागला.